बिननंबरी

भोरमधल्या अमृतच्या इलेक्ट्रिक गाड्यांच्या दुकानात चिमाजीने गेल्या महिन्याभरात पाच चकरा मारल्या होत्या. दर वेळी तो मोठ्या गाडीच्या सीटवरून हात फिरवायचा, आरशात मिशी बघायचा आणि शेवटी कोपऱ्यातल्या लहानग्या राखाडी गाडीपाशी जाऊन उभा राहायचा. अमृतला हे कोडं सुटत नव्हतं. बत्तीस वर्षं एसटी चालवलेला माणूस, वरंधा घाटाच्या वळणांवर धुक्यात गाडी काढणारा डायवर, आणि त्याचा जीव अडकलाय कशात, तर जेमतेम सायकलीपेक्षा वेगानं पळणाऱ्या गाडीत!

"आबा, पुन्हा एकदा सांगतो," अमृत म्हणाला. "ही मोठी ऐंशीच्या पुढं पळते. एका चार्जिंगमध्ये शंभर किलोमीटर निवांत. चढ असू द्या, मागं माणूस असू द्या, हिला फरक पडत नाही. फक्त पासिंग करावं लागतं, हिरवी नंबरप्लेट येते, विमा काढायचा आणि लायसन पाहिजे. ते तर तुमच्याकडं असणारच."

"आन ही?" चिमाजीने विचारलं. उत्तर त्याला पाठ होतं.

"हिची मोटर अडीचशे वॅटची. पंचवीसच्या वर जात नाही, जाऊच द्यायची नाही असा नियम आहे. म्हणून हिला नंबर नाही, आरटीओ नाही, लायसन नाही. पण खरं सांगू का, ही गावातल्या गावात फिरायची गाडी आहे. कागदावर साठ किलोमीटर लिहिलंय, दोघं बसलात तर चाळीस धरा. चढाला तर ही रडते."

"रडू दे. म्या काय शर्यतीला चाललोय?"

अमृतने आवाज खाली आणला. "वेगाची एक वायर असते आबा. खालच्या गल्लीत एक जण काढून देतो, मग चाळीसला जाते. मी नाही करत. वायर काढली की ती गाडी कायद्यानं मोठ्या गाडीतच जमा होते, आणि नंबर नाही, विमा नाही. कुणाला लागलं तर घर विकायची वेळ."

"वायरीला हात लावायचा न्हाई," चिमाजी ताडकन म्हणाला. "जी गाडी जशी पास झाली तशी चालवायची. डेपोत म्या स्टेपनीचा नट ढिला असला तरी गाडी भाईर काढत न्हवतो."

अमृतने मान डोलावली. असा नियमाचा माणूस मोठी गाडी का घेत नाही, हे मात्र त्याने पुन्हा विचारलं नाही.

चाकणला कारखान्यात असणारा मुलगा स्वरूप फोनवर तेच विचारत होता. "आबा, मोठी घ्या ना, पैसे मी भरतो. त्या खेळण्यावर आईला बसवणार का?" चिमाजीने त्याला सांगितलं की आता वय झालं, घाई कशाची, विम्याची कटकट नको. बायकोला, ठकुबाईला, सांगितलं की हिची बॅटरी काढून स्वयंपाकघरात चार्जिंगला लावता येते. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. खरं कारण तिसरंच होतं, आणि ते त्याने कपाटात विजेच्या जुन्या बिलांखाली चार घड्या घालून ठेवलं होतं.

त्याचं असं झालं होतं. लायसनची मुदत मार्चमध्ये संपत आली, तेव्हा चिमाजी डॉक्टरचा दाखला घ्यायला निघाला होता. वाटेत भोरला डोळ्यांचं शिबिर दिसलं, म्हणाला, हितंच तपासून घेऊ. डॉक्टरीणबाईंनी त्याला एका यंत्रात हनुवटी ठेवायला लावली आणि ठिपका दिसला की बटण दाबा म्हणाल्या. उजव्या डोळ्याला ठिपके दिसले. डाव्या डोळ्याला समोरचे दिसले, कडेचे एकही नाही. चिमाजी बटण धरून वाट बघत राहिला. त्याला वाटलं, यंत्र बंद पडलं. काचबिंदू, असं बाईंनी लिहून दिलं, थेंब लिहून दिले, पुण्याला मोठ्या दवाखान्यात जा म्हणाल्या आणि गाडी चालवू नका म्हणाल्या. त्याने कागद घेतला, हात जोडले, बाहेर आला आणि दाखल्याच्या वाटेला पुन्हा गेला नाही. थेंबही आणले नाहीत. बाटली घरात आली असती तर ठकुबाईने विचारलं असतं, कशाची म्हणून.

आंबवड्याच्या अलीकडच्या त्यांच्या वाडीत त्याला चिमाजी अशी हाक कुणी मारत नव्हतं. पोराटोरांचा तो डायवर आबा, म्हाताऱ्यांचा डायवर. लग्नाच्या टेम्पोत पुढची सीट त्याची. कुणाचा पोरगा गाडी शिकला की आधी त्याच्यापुढं आणून उभा करायचे. हे सगळं एका कागदावरच्या चार ओळींनी जाणार, या विचाराने त्याचं अन्न गोड लागेना. रात्री कूस बदलायची, पहाटे उठून अंगणात येरझाऱ्या घालायच्या, आणि बायकोने विचारलं की म्हणायचं, पित्त झालंय. मग त्याने अमृतच्या दुकानाबाहेरचा बोर्ड वाचला: लायसनची गरज नाही. बत्तीस वर्षं खात्याने दरवर्षी डोळे तपासले, आणि आता सरकारच विचारत नसेल तर आपण कशाला सांगायचं, असं त्याने स्वतःला समजावलं. पंचविसात कुणाला काय होतंय?

राखाडी गाडी घरी आली. ठकुबाईने तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि नमस्कार करताना तिच्या तोंडून निघालं, "हिला नंबर कसा न्हाई वं?"

"लागत न्हाई."

"का न्हाई लागत? बारशाच्या आधीच आणली का काय?"

ती हसली, शेजारणी हसल्या. चिमाजीला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो भोरच्या स्टँडवर गेला. तिथं हनुमंत भेटला, त्याच्याच हाताखाली शिकलेला डायवर. हनुमंत गाडीभोवती फिरला, मागे वाकला आणि मोकळ्या जागेवर बोट ठेवून ओरडला, "उस्ताद, ही तर बिननंबरी! लायसनबी नसंल लागत हिला. आवं, आमच्या ठमीला घ्या म्हणतो, ती सातवीत हाय." कॅन्टीनमधले चार जण चहाचे कप घेऊन बघायला आले. एकाने विचारलं, घंटी लावलीय का? चिमाजीने सगळ्यांना चहा पाजला. सातवीतल्या पोरीला असली गाडी द्यायची नसते, एवढं तरी तो सांगू शकला असता.

त्या संध्याकाळी त्याने माळ्यावरून जुन्या मोटारसायकलची नंबरप्लेट काढली. गाडी तीन वर्षांपूर्वी नसरापूरला भंगारात गेली होती; प्लेट तेवढी त्याने मायेने काढून ठेवली होती. पांढऱ्या पत्र्यावर काळे आकडे, एमएच बारा. त्याने ती चिंचेने घासली, राखाडी गाडीच्या मागे दोन स्क्रू मारले आणि चार पावलं मागे जाऊन पाहिलं. गाडी एकदम गाडी दिसायला लागली. ज्या माणसाने एक वायर काढण्यावरून दुकानदाराला सुनावलं होतं, त्याला या पत्र्यात काही वावगं वाटलं नाही. नंबर आपलाच, गाडीही आपलीच. चोरी थोडीच होती?

पंधरा दिवस झकास गेले, म्हणजे लोकांच्या लेखी. चिमाजीला मात्र गाडीवर बसलं की चैन नसायची. मागून येणारे टेम्पो हॉर्न वाजवून वाजवून कानठळ्या बसवायचे. पंचवीस म्हणजे पंचवीस. मूठ कितीही पिळा, काटा जागचा हलत नव्हता. सगळा रस्ता त्याला ओलांडून पुढं जायचा. आणि डावीकडून काही आलं का, हे बघायला त्याला आता अख्खी मान वळवावी लागायची. मान वळवली की समोरचं सुटायचं. पुन्हा समोर बघायचं, पुन्हा मान. ठकुबाईला वाटायचं, हे ओळखीचं माणूस शोधतायत.

बाजाराच्या दिवशी दोघं भोरहून परत निघाले. पायाशी भाजीची पिशवी, ठकुबाईच्या मांडीवर तेलाचा डबा. गावाबाहेर पोलिसांनी गाड्या अडवल्या होत्या. चिमाजीने सवयीने गाडी कडेला घेतली, इंडिकेटर दिला, पाय टेकवला. पोलिसाला तो आजवर कधी भ्यायला नव्हता.

एक तरुण पोलीसबाई आली. छातीवरच्या पाटीवर नीरजा एवढंच त्याला वाचता आलं. ती पुढून नीट बघून गेली, मागे गेली आणि थांबली.

"आजोबा, गाडी बॅटरीची ना?"

"व्हय."

"मग प्लेट पांढरी कशी? बॅटरीच्या गाडीला हिरवी लागते." तिने मोबाईलमध्ये नंबर टाकला. "हे तर मोटारसायकल दाखवतंय. पेट्रोल. मालक चिमाजी कोंढाळकर."

"म्याच तो."

"तुम्ही आहात हो, पण ही मोटारसायकल नाही ना! लायसन दाखवा."

चिमाजीचा हात खिशाकडं गेला आणि तिथंच राहिला. मागे दोन दुचाकी, एक जीप. जीपमध्ये वाडीतले गेनू आणि कोंडिबा मान बाहेर काढून बघत होते.

"हिला लायसन लागत न्हाई," तो पुटपुटला.

"काय?"

"हिला न्हाई लागत. पंचवीसचीच हाय. अडीचशे वॅट."

"लागत नाही तर मग नंबर कशाला लावला?"

याला काय उत्तर देणार? लोक हसत होते म्हणून, असं एकसष्ट वर्षांच्या माणसाने पंचविशीतल्या पोरीला सांगायचं? चिमाजीने सीट उघडून कागद काढले. अमृतचं बिल, आणि गाडी तपासणाऱ्या संस्थेचा दाखला. मोटर, वेग, वजन, सगळं त्यात होतं. नीरजाने दाखला उन्हात धरून नीट वाचला, गाडीच्या सांगाड्यावर कोरलेला चासी नंबर त्याच्याशी ताडून पाहिला, आणि मग दुकानात फोन लावून अमृतशी बोलली.

"आजोबा, तुम्ही कमालच केलीत," ती म्हणाली. राग होता, पण हसूही होतं. "या गाडीला नंबर लागत नाही. बिननंबराची घेऊन आला असतात तर कागद बघून मी सोडलं असतं. दुसऱ्या गाडीचा नंबर लावणं हा गुन्हा आहे, माहितीय का? गाडी जमा करू शकते मी."

"माहिती हाय बाई. बत्तीस वर्षं एसटीत हुतो."

"मग? आणि लायसन तर असेलच तुमच्याकडं."

"मुदत गेली. इसारलो रिन्यू करायचं."

ठकुबाईने त्याच्याकडं पाहिलं. हा माणूस गॅसच्या नळीची तारीख विसरत नव्हता. देवघरात जपून ठेवलेल्या जुन्या कॅलेंडरांवर मोटारसायकलच्या आठ वर्षांपूर्वीच्या विम्याच्याही खुणा केलेल्या होत्या. तिने तेलाचा डबा एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतला.

नीरजाने स्क्रू ड्रायव्हर मागवला. प्लेट काढून घेतली, जबाब लिहून घेतला, सही घेतली आणि पुन्हा असं केलंत तर सोडणार नाही म्हणून बजावलं. जीपमधून गेनू ओरडला, "डायवर, लायसन न्हाई व्हय तुमच्याकडं?" चिमाजीने ऐकलं नाही असं केलं. जे झाकायला पत्रा लावला, तेच पत्र्याने चारचौघांत उघडं पाडलं होतं.

"जा आता," नीरजा म्हणाली. "या गाडीवर जायला तुम्हाला कुणाची आडकाठी नाही."

आडकाठी नाही. हे ऐकून खरं तर सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. चिमाजीला उलट वाटलं की त्या पोरीने आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता, आणि तो तिच्या कागदात कुठंच नव्हता.

पुढच्या चढाला गाडी आठ-नऊवर आली आणि कण्हायला लागली. ठकुबाई रोजच्याप्रमाणे उतरली आणि डबा काखेला मारून शेजारून चालू लागली. चालता चालता म्हणाली, "अवं, लायसनचं इसारला न्हाई तुमी."

"इसारलो म्हटलं ना."

"मला सांगायचं नसंल तर नगा सांगू. पर इसारला न्हाई."

चढ संपला. ती पुन्हा मागे बसली. चिमाजीने मूठ पिळली, आणि का कोण जाणे, आज त्याला कुठंतरी लवकर पोचायचं होतं. काटा पंचविसाला जाऊन थटला. समोर उतार, मोकळा रस्ता, डावीकडं मधल्या एका वाडीची पायवाट. मान वळवायची होती. पण डोक्यात जीप होती, गेनूचा आवाज होता, आणि त्याने मान वळवली नाही.

"अवं, बाई! बाई!" ठकुबाई किंचाळली.

त्याने दोन्ही ब्रेक दाबले. चाक घसरलं, काहीतरी धाडकन आदळलं, आणि मग रस्त्यावर एक ॲल्युमिनियमचं पातेलं गरगर फिरत राहिलं. पायवाटेवरून अंगणवाडीची मदतनीस सुलक्षणा आली होती. पोरांची खिचडी घेऊन निघालेली ती आता कडेच्या गवतात बसली होती, कोपर खरचटलेलं, पदर पिवळा झालेला.

चिमाजी गाडी टाकून धावला. "लागलं का गं? कुठं लागलं? उठू नगस, हाड बघ आधी."

"हाडबीड काय न्हाई." सुलक्षणाने हात झटकला, पाय हलवून पाहिले. घाबरली होती ती, पण त्याहून जास्त गोंधळली होती. "पातेल्याला धडकली गाडी. हळू हुती म्हणून. पर आबा, म्या तर रस्त्याच्या कडंला येऊन हुबी ऱ्हायले हुते की. तुमास्नी बघून हात केला. तुमी बघितलंत की माझ्याकडं!"

रस्त्यावर खिचडी सांडली होती, तिच्यावर आत्ताच मुंग्या येऊ लागल्या होत्या. ऐंशीची गाडी असती तर, हा विचार चिमाजीच्या मनात आला आणि तो रस्त्याकडेलाच बसला. आयुष्यात त्याच्या गाडीखाली कोंबडं आलं नव्हतं. विसरलो, ऊन होतं, ब्रेक लागला नाही, असं काहीही सांगता आलं असतं. डायवर आबाचं कुणीही खरं मानलं असतं.

"मला तू दिसलीच न्हाईस, सुलक्षणा," तो म्हणाला. "डाव्या बाजूचं मला दिसत न्हाई. सा महिनं झालं."

दोघी बायका त्याच्याकडं बघत राहिल्या. सुलक्षणाने पातेलं उचललं. ठकुबाईने पिशवीतल्या बाटलीच्या पाण्याने सुलक्षणाचं कोपर धुतलं, आपल्या पदराची कड फाडून त्याला बांधली, आणि उद्या नवीन पातेलं आणि पोरांना खिचडीचे तांदूळ पोचते करते म्हणाली. सुलक्षणा लंगडत नव्हती, चांगली चालत गेली, दोनदा मागे वळून बघत.

मग ठकुबाईने हात पुढं केला. "चावी द्या."

चिमाजीने चावी दिली.

"कुणाला ठाव हाय?"

"कुणालाच न्हाई. कागद हाय, कपाटात."

"मला मागं बसवून हिंडत हुता," ती म्हणाली. "तेलाचा डबा घेऊन म्या बसतीया, आन तुमी निम्मा रस्ता बघताय. मला सांगितलं आसतं तर म्या डोळा झाले नसते का तुमचा? एवढी का लाज?"

तो रडला, अगदी उघड, बाहीनं नाक पुसत, रस्त्याच्या कडेला. तिने रडू दिलं.

थोड्या वेळाने तिनेच गाडी उभी केली. हलकी होती, तिच्या एकटीच्या हाताने उभी राहिली. "उद्या पयलं डोळ्याच्या डॉक्टरकडं. एसटीनं. आन मग मला ही शिकवा. लायसन लागत न्हाई म्हणाला हुता न्हवं?"

"लागत न्हाई." चिमाजीने डोळे पुसले, आणि त्याच्यातला डायवर अजून मेला नव्हता, तो लगेच वर आला. "पर म्या पास केल्याबिगर तुला रस्त्यावं सोडणार न्हाई. लायसन लागत न्हाई म्हंजी शिकायचं न्हाई आसं न्हाई. आधी शाळंच्या मैदानात आठवडाभर. ब्रेक. आरसा. मान."

"बरं," ती म्हणाली. "आन तुमाला?"

"मला डॉक्टर सांगंल ते."

घर दीड किलोमीटर राहिलं होतं. ठकुबाई हँडल धरून गाडी ढकलू लागली, तो भाजीची पिशवी आणि डबा घेऊन तिच्या बाजूने चालू लागला. मागून एक टेम्पो हॉर्न वाजवत आला, आणि चिमाजी दचकून, डावी कड न दिसल्याने, उलट रस्त्याकडंच सरकला. ठकुबाईने त्याच्याकडं पाहिलं, गाडी थांबवली आणि वळसा घालून त्याच्या डाव्या हाताला आली.